भिकाभाऊंच्या सुऱ्यांची नावं

चांगुणाबाई निरभवणे नाशिकरोडला आमच्या वसाहतीत राहायला आल्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. लग्नानंतरची सगळी वर्षं त्यांनी देवळाली कॅम्पात, एका पारशी बाईंच्या गेस्टहाऊसच्या मागच्या खोलीत काढलेली. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या तांदूळ निवडायच्या आणि मधूनच काहीतरी सांगायच्या. सांगताना आवाज चढायचा नाही की पडायचा नाही. मी हे सगळं त्यांच्याचकडून ऐकलं. थोडं मल्हारीनेही सांगितलं. तो त्यांना भेटायला अधूनमधून यायचा आणि त्याच्या डाव्या भुवईवर एक आडवा वण होता.

चांगुणाबाईंचं माहेर सायखेड्याचं. लग्न होऊन आल्या ते थेट देवळालीला. नवरा भिका निरभवणे पेरीनबाईंच्या गेस्टहाऊसमध्ये खानसामा होता. मुंबईची पारशी माणसं हवापालटाला यायची, महिना महिना राहायची, आणि त्यांना खायला लागायचं ते भिकाभाऊंच्या हातचं. आमच्या समाजातला माणूस, सातवीपर्यंत शिकलेला, साहेबी मटण रांधतो आणि पेरीनबाई त्याला विचारल्याशिवाय बाजाराची यादी करत नाहीत, याचा चांगुणाबाईंना मोठा अभिमान होता. त्या स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच्या. मागच्या पडवीत वाटण वाटायचं, धान्य निवडायचं, भांडी घासायची, एवढंच त्यांचं काम. भाजी चिरायची तर विळीवर, मांडी घालून. ओट्यापाशी उभं राहून सुरीने कापायचं हे आतल्या पुरुषांचं.

त्या सुऱ्या पेरीनबाईंच्या वडिलांनी विलायतेहून आणलेल्या होत्या. त्यांची नावंही तिकडचीच. मोठी रोजची ती शेफ. हाडावरून मांस सोडवायची ती बोनिंग. भाजलेल्या मटणाचे पातळ काप काढायची कार्व्हिंग, पावाची ब्रेड, सोलायची छोटी पेरिंग. फक्त हाडं फोडायचा सत्तूर तेवढा आपला सत्तूर. भिकाभाऊ चुलीपाशी उभे राहून नुसतं नाव पुकारायचे आणि मल्हारी, त्यांचा हाताखालचा गडी, शेजारच्या सामानाच्या खोलीतून ती सुरी आणून हातात द्यायचा. मल्हारी पेठकडच्या डोंगरातला. पावसाळ्यानंतर कामाला खाली उतरलेला, तो परत गेलाच नाही.

१९७९ च्या थंडीत, एका सकाळी भिकाभाऊंना बकऱ्याची मांडी हाडावरून सोडवायची होती आणि त्यासाठी सुरी हवी होती. त्यांनी मल्हारीला हाक मारली आणि म्हणाले, पाव दे. मल्हारीने पाव आणून ठेवला. भिकाभाऊंनी पावाकडे बघितलं, मल्हारीकडे बघितलं, आणि पुन्हा म्हणाले, पाव. मग चिडून कपाळावर हात मारायला गेले तर हात वर येईना. उजवा पाय दुमडला. मल्हारीने त्यांना धरलं नसतं तर डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी चांगुणाबाईंना समजावून सांगितलं. मेंदूतली एक नस तुंबली होती. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं जिथून येतं तो भागही दुखावला होता. हातपाय हळूहळू बरे होतील. बोलण्याचं मात्र सांगता येत नव्हतं. वस्तू दाखवा, नाव म्हणून घ्या, रागावू नका, असं डॉक्टर म्हणाले. चांगुणाबाईंना वाटलं, अंग आलं की बोलणंही त्याच्यामागं येईल.

अंग आलं. संक्रांतीपर्यंत भिकाभाऊ काठी घेऊन चालायला लागले. उजव्या हाताची बोटं मिटायची, पण पकड नव्हती. बोलणं काही आलं नाही. म्हणजे मुके झाले असंही नाही. त्यांना पाणी हवं असलं तर ते दिवा म्हणायचे. चांगुणाबाईंना भाकर म्हणायचे. आपण चुकीचं बोललो हे त्यांना त्याच क्षणी कळायचं आणि चेहरा असा व्हायचा की बघवत नसे. आणि गंमत अशी की सकाळी तसबिरीपुढं उभे राहिले की त्रिशरण पंचशील पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत म्हणायचे, एक शब्द चुकायचा नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा चांगुणाबाई धावत पेरीनबाईंकडे गेल्या, हे बरे झाले म्हणून सांगायला. पेरीनबाई आल्या. टेबलावरचा कप दाखवून विचारलं, भिका, हे काय? भिकाभाऊ कपाकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी म्हणाले, "शुक्रवार."

पेरीनबाई वाईट नव्हत्या. पण घरात पाहुणे होते आणि कोणीतरी रांधायला हवं होतं. त्यांनी इगतपुरीहून एक खानसामा तात्पुरता आणला. तो आला आणि त्याने पहिल्या दिवशी सगळ्या सुऱ्यांची जागा बदलली. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंना विचारलं, मागची खोली कधी रिकामी होणार. त्याची बायकामुलं इगतपुरीला थांबलेली होती. त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं.

खोली गेली तर जायचं कुठं? सायखेड्याला भावाच्या घरात भावाचीच मुलं मावत नव्हती. मुलगी कळवणला दिलेली, तिच्या सासरी पडवीतसुद्धा जागा मिळाली नसती, आणि मिळाली असती तरी जावयाच्या दारात असं पडून राहणं भिकाभाऊंनी सोसलं नसतं. चांगुणाबाई रात्री जाग्या राहायच्या. लष्कराचा तोफांचा सराव चालू असला की खिडकीची तावदानं थरथरायची. त्या सांगायच्या, "मला वाटायचं, ही एवढी तावदानं तरी उद्या आपली असतील का?"

त्यांनी पेरीनबाईंकडे एकच गोष्ट मागितली. भिकाभाऊंना चव आहे, नजर आहे, सगळं माहीत आहे. त्यांना स्वयंपाकघरात उभं राहून नुसतं सांगू द्या, हात मल्हारीचे असतील. पेरीनबाईंनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं. नवा खानसामा बायकोला बघायला चार दिवस इगतपुरीला गेला होता, तेवढ्यात करून बघू म्हणाल्या.

पहिला दिवस बोटाने दाखवत कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी सुपासाठी नळ्या फोडायच्या होत्या. भिकाभाऊ चुलीकडे तोंड करून पातेल्यातला फेस काढत होते. त्यांनी मल्हारीला सांगितलं, "बोनिंग. बोनिंग घे." त्यांना म्हणायचं होतं सत्तूर. मल्हारीला नवल वाटलं. बोनिंग ती अरुंद, टोकदार, वीतभर पात्याची, हाडाच्या कडेकडेने फिरवायची. तिने हाड फोडायचं नसतं. पण या वेळी शब्द सुरीचाच होता, दिवा किंवा शुक्रवार नव्हे, आणि मल्हारी त्यांचं ऐकायला शिकलेला माणूस. त्याने नळी धरली आणि सुरी उगारून घाव घातला. पातळ पोलाद हाडावर टिकलं नाही. टोक तुटून उडालं आणि मल्हारीची भुवई फाडून गेलं.

रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा सगळ्यांना वाटलं डोळाच गेला. डोळा वाचला. त्या क्षणी भिकाभाऊ वळून बघतात तो मल्हारी चेहरा धरून खाली बसलेला आणि हातात बोनिंग. त्यांना काय झालं ते लगेच कळलं. ते मल्हारीजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगू लागले. तोंडातून येत होतं ते "शुक्रवार, शुक्रवार." मल्हारीने तो हात झटकला.

संध्याकाळी पेरीनबाई मागच्या खोलीत आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "चांगुणा, त्याच्या शब्दावर कोणी काम करू शकत नाही. आज डोळा वाचला. उद्या?" मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जमशेदी नवरोज, म्हणजे पारशांचा सण, होता, घर पाहुण्यांनी भरायचं होतं. तोवर खोलीत राहा, त्यानंतर काहीतरी सोय बघा, असं त्यांनी सांगितलं. भिकाभाऊ खाटेवर बसून सगळं ऐकत होते. ऐकू येत होतं, कळतही होतं. पेरीनबाई गेल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवले नाहीत.

चांगुणाबाईंनी ठरवलं की नवऱ्याला सुऱ्यांची नावं पुन्हा शिकवायची. त्यांना वाटलं, बाकी काही नाही बोलले तरी चालेल, ही पाच-सहा नावं आली की नोकरी राहील. दुपारी नवा खानसामा झोपला की त्या सामानाच्या खोलीतून सुऱ्या पदराखाली आणायच्या आणि खाटेवर मांडायच्या. एक उचलून विचारायचं, ही कोणची? भिकाभाऊ म्हणायचे, "ब्रेड." चांगुणाबाई म्हणायच्या, शाबास. दुसरी दाखवायची. "ब्रेड." शाबास. त्यांना वाटलं, एकाच तऱ्हेच्या दोन असतील. तिसरी सुरीही ब्रेड निघाली तेव्हा पुढं काय विचारायचं ते त्यांना कळेना.

कारण त्यांना स्वतःलाच कोणती सुरी कोणती ते माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्यांनी त्या घासल्या होत्या, पुसल्या होत्या, पण नाव घेऊन कधी कोणी त्यांच्याकडे मागितली नव्हती. नवरा बरोबर बोलला की चूक हे ठरवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्या मल्हारीकडे गेल्या. भुवईवर टाके होते आणि तो नीट बोलत नव्हता, तरी वहिनी विचारतात म्हणून आला. तो म्हणाला, "वहिनी, बोनिंग अन् सत्तूर वळखतो, बाकी मला जागेनं ठावं होतं. पहिल्या खिळ्याला शेफ, दुसऱ्याला कार्व्हिंग. आता त्यानं समदं हलवलंय." त्याने अंदाजाने सांगितलं आणि चांगुणाबाईंनी ते घोकलं.

दुसऱ्या दुपारी त्यांनी एक लांब सुरी उचलली आणि मल्हारीने सांगितलेलं नाव घेतलं, "ही कार्व्हिंग." भिकाभाऊंनी मान हलवली. तोंडाने म्हणाले, "हो हो." मान मात्र नाही म्हणत होती. चांगुणाबाईंनी पुन्हा विचारलं. तोंड हो, मान नाही. त्या चिडल्या. हो की नाही ते एक काय ते सांगा, असं ओरडल्या. तेव्हा भिकाभाऊंनी डाव्या हाताने त्यांचं बोट धरलं आणि सुरीच्या कडेवरून अलगद फिरवलं. कडेला दाते होते, करवतीसारखे. मग दुसरी लांब सुरी उचलून तिच्यावरून बोट आडवं नेलं. ती गुळगुळीत होती.

दोन्ही सुऱ्या लांबीला सारख्या, रुंदीला सारख्या, दोन्हींचं टोक बोथट. नुसत्या आकारावरून ओळखायला गेलं तर फसणारच. चांगुणाबाईंनी दात्यांची उचलली आणि हळूच म्हणाल्या, ब्रेड? मान हो म्हणाली. गुळगुळीत धारेची उचलली. कार्व्हिंग? मान हो म्हणाली आणि भिकाभाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवशी त्यांना कळलं की नावं नवऱ्याच्या डोक्यातून गेलेली नाहीत. दुसऱ्याने म्हटलेलं नाव त्यांना ओळखू येतं, फक्त स्वतःच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही. तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, मानेवर ठेवायचा. मग त्या रोज दुपारी विचारत गेल्या आणि मानेकडून शिकत गेल्या. आधी सुरीला आडवी धरून पात्याची आकृती बघायची, मग धार. चौकोनी, जड, टोक नसलेलं, पाठीला जाड आणि धारेकडेही जाडच, तो सत्तूर. मुठीपाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती, धारेला पोट असलेली, फळीवर मागेपुढे डोलते ती शेफ. अरुंद, ताठ, जवळजवळ सरळ धारेची ती बोनिंग. मोडलेलीच्या जागी पेरीनबाईंनी दुसरी मागवली होती. बोटभर पात्याची पेरिंग. भिकाभाऊंना दुसरी युक्तीही सापडली. ताटात पीठ पसरून ते डाव्या बोटाने पात्याची रेघ काढायचे आणि चांगुणाबाई नाव सांगायच्या. सुरुवातीला त्या निम्मी चुकायच्या.

आणि दुसऱ्या बाजूने, त्या नवऱ्याला नावं परत द्यायचा प्रयत्न करत राहिल्या. पहिलं अक्षर सांगायच्या. "बो..." म्हटलं की कधी भिकाभाऊ पुरं करायचे, "...निंग." चांगुणाबाईंना वाटायचं, आलं. घटकाभराने तीच सुरी दाखवली की ते पुन्हा घाम पुसत बसायचे. असे आठवडे गेले. एका दुपारी भिकाभाऊंनी सगळ्या सुऱ्या हाताने खाटेवरून लोटून दिल्या आणि स्वतःच्या तोंडावर थापडा मारून घेतल्या. चांगुणाबाईंनी त्यांचा हात धरला नाही. त्यांच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. त्या खाली बसून सुऱ्या वेचत राहिल्या आणि त्यांच्या मनात आलं की हा माणूस त्या दिवशी ओट्याशीच गेला असता तर बरं झालं असतं. हे त्यांनी मला सांगितलं ते तांदळातला खडा काढत, मान वर न करता.

त्याच संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला बोलतं करायचा नाद सोडला. ते नावं घेऊ शकत नाहीत ना, मग मी घेईन, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या पेरीनबाईंकडे गेल्या. म्हणाल्या, "बाई, यांच्या शेजारी मी उभी राहते. हे पिठात काढतील, मी सांगन. मल्हारीला माझं ऐकू द्या, यांचं नको."

पेरीनबाईंना ते पटलं नाही. पाहुणे जेवायला बसलेले असताना पिठात चित्रं काढत बसणार का, असं त्यांनी विचारलं. खरं तर त्यांच्या मनात दुसरी शंका होती आणि ती त्यांनी बोलून दाखवली. भिकाचं फक्त बोलणं गेलंय की डोकंही गेलंय? डोकं गेलं असेल तर तो काढेल तेही चूकच काढेल. पेरीनबाई म्हणाल्या, उद्या सकाळी दोघं स्वयंपाकघरात या.

सकाळी ओट्यावर सुऱ्या मांडलेल्या होत्या. रोजच्या होत्या आणि त्यांच्यात पेरीनबाईंनी जुन्या खणातल्या, वडिलांच्या वेळच्या काही मिसळल्या होत्या. नवा खानसामा हाताची घडी घालून दाराशी उभा. मल्हारीही आला होता. पेरीनबाईंनी एकेक काम सांगायचं, भिकाभाऊंनी पिठात पातं काढायचं, चांगुणाबाईंनी नाव घेऊन सुरी उचलून द्यायची, असं ठरलं.

पाव कापायचा. भिकाभाऊंनी लांब रेघ काढली आणि तिच्याखाली बोटाने बारीक नागमोडी दाते टोचले. चांगुणाबाईंनी ब्रेड उचलली. मटणाचे काप. तीच लांब रेघ, खाली काही नाही. कार्व्हिंग. नळ्या फोडायच्या. चौकोन. सत्तूर. मल्हारी दाराशी जरा पुढं सरकला.

मग पेरीनबाईंनी जुन्या खणातली एक सुरी उचलून समोर ठेवली. पोलाद काळं पडलेलं, पातं अरुंद, टोकदार. त्या म्हणाल्या, "ही?"

चांगुणाबाईंना हायसं वाटलं. अरुंद, टोकदार. त्या बोनिंग म्हणणार एवढ्यात भिकाभाऊंची मान नाही म्हणाली.

"बोनिंगच आहे ती," पेरीनबाई म्हणाल्या. "खणात बोनिंगच्या कप्प्यात असते."

भिकाभाऊ म्हणाले, "हो, हो." आणि मान जोराने हलवत राहिले, नाही, नाही. त्यांनी ओट्यावर डावी मूठ आपटली. नवा खानसामा हसला नाही, पण त्याने पेरीनबाईंकडे बघितलं. पेरीनबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणी गेल्याची बातमी ऐकावी तसा तो चेहरा होता. त्या चांगुणाबाईंकडे वळल्या. "तू सांग. बोनिंग ना?"

चांगुणाबाई सांगायच्या, "तो एक क्षण मला अजून आठवतो." हो म्हटलं तर बाईंना वाटणार, हिला कळतंय, हिला ठेवावं भांड्याला, भाजीला; खोलीचा कोपरा तरी राहील. पण मग नवऱ्याचं डोकं गेलं यावर आपणच शिक्का मारायचा. नाही म्हटलं आणि सुरी बोनिंगच निघाली, तर दोघंही रस्त्यावर. आणि सुरी तर बोनिंगच दिसत होती.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. भिकाभाऊंनी त्यांचं बोट धरलं आणि सुरीच्या मुठीपाशी नेलं. तिथं पातं सुरू होण्याआधी पोलादाचा जाड कठडा होता. बोनिंगलाही असतो, पण तिथं तो पात्याच्या बरोबरीने थांबतो. इथं तो धारेच्याही खाली आला होता, एखाद्या दातासारखा. त्या दाताच्या टोकाशी बोट टेकवून भिकाभाऊंनी ते ताटातल्या पिठावर ठेवलं आणि तिथून टोकापर्यंत एक पोटदार रेघ ओढली. जे पातं काढलं ते समोरच्या सुरीपेक्षा दुप्पट रुंद होतं.

चांगुणाबाईंना लगेच उमगलं नाही. त्या पिठाकडे बघत राहिल्या आणि मग सुरीकडे. मग त्यांनी सुरी फळीवर ठेवली, तो दात फळीच्या कडेबाहेर येईल अशी, आणि मूठ दाबून वरखाली केली. धार फळीवर डोलली. टोकाकडून मागे, मागून टोकाकडे. बोनिंगची धार अशी डोलत नाही.

"बाई, ही शेफ हाय," त्या म्हणाल्या. "झिजल्यामुळं अशी झाली. सहाणेवर घासून घासून पातं खाल्लं गेलं, हा कठडा तेवढा राहिला. पहिल्यांदा धार इथवर होती. हे बरोबर सांगत्यात."

पेरीनबाईंनी सुरी उचलली आणि उजेडाकडे धरली. जाड पाठ, धारेचं ते पोट. म्हणाल्या, "बाबा रविवारी स्वतः कांदा कापायचे. एक मोठी सुरी होती त्यांची. मला वाटायचं ती हरवली." मग त्यांनी सुरी खाली ठेवली. "डोकं शाबूत आहे त्याचं."

तो नवरोज भिकाभाऊंनी केला. म्हणजे भिकाभाऊंनी दाखवलं, चांगुणाबाईंनी सांगितलं आणि मल्हारीने केलं. नवा खानसामा हंगामापुरता राहिला आणि मग त्याला मुंबईला दुसरी जागा मिळाली. स्वयंपाकघरात पिठाचं ताट नेहमी असायचं. पाहुण्यांना वाटायचं ते पोळ्यांसाठी आहे. दिवसातून कितीदा तरी भिकाभाऊंचा संताप व्हायचा; मीठ कमी आहे हे सांगायला पीठ उपयोगी पडत नसे, आणि मग ते चमचा आपटायचे. चांगुणाबाईंचे पाय रात्री सुजायचे, कारण आयुष्यभर त्या बसून काम केलेल्या. दुपारी सगळं आवरलं की मल्हारी नावं घोकायचा. आता तोही खिळ्यावरची जागा न बघता आकृती आणि धार बघायचा.

असं अडीच वर्षं चाललं. ८२ च्या पावसाळ्यात भिकाभाऊंना दुसरा झटका आला. या वेळी हात, पाय, गिळणं, सगळंच गेलं. खोलीतल्या खाटेवर ते काही दिवस होते. डोळे उघडे असायचे. चांगुणाबाई त्यांच्या छातीशी पिठाचं ताट धरायच्या, पण बोट उचलत नव्हतं. एक शब्दही न बोलता ते गेले.

पेरीनबाईंनी चांगुणाबाईंना काढलं नाही. नवा कोणी आणलाही नाही. चांगुणाबाई आणि मल्हारी दोघांनी गेस्टहाऊसचं रांधणं सांभाळलं. पहिल्या वर्षी पाहुण्यांच्या तक्रारी आल्या, मग कमी झाल्या. पुढं पेरीनबाईच थकल्या आणि मुंबईला भाच्याकडे राहायला गेल्या. बंगला विकला गेला. मल्हारी एका लष्करी मेसमध्ये लागला.

चांगुणाबाई आमच्या वसाहतीत आल्या त्या तशा. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीणबाई हवी होती, तिथं त्या विचारायला गेल्या. तिथल्या व्यवस्थापकबाईंनी विचारलं, आधी कुठं काम केलंय? त्यांनी सांगितलं, देवळालीला, गेस्टहाऊसमध्ये. किती जणांचं करता येतं, असं विचारल्यावर म्हणाल्या, सांगाल तेवढ्यांचं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या कामावर गेल्या. मी पाणी भरायला उठले होते, तर त्या चपला हातात घेऊन जिना उतरत होत्या, कोणी जागं होऊ नये म्हणून.